सहा महिन्यांची लेक फक्त अंगावर पितानाच झोपते. हळूहळू सवय कशी बदलावी, आणि कधी या वाटेला जाऊच नये?

कस्तुरी_ठाणे

लेक नुकतीच सहा महिन्यांची झाली. माझी बाळंतपणाची रजा संपत आलीये, तीन आठवड्यांनी ऑफिस सुरू. प्रश्न रात्रीचा आहे. ती फक्त अंगावर पिता पिताच झोपते. साडेआठला घेऊन बसते, डोळे मिटले म्हणून गादीवर ठेवायला जावं तर टक्क जागी. पुन्हा घ्यायचं, पुन्हा ठेवायचं, असं करत सव्वादहा वाजतात. मग बारापर्यंत बरी झोपते आणि त्यानंतर तासा-तासाला उठते. दर वेळी पाजलं तरच झोपते, पण पोटभर पीत नाही. दोन मिनिटं चोखते की लागली झोप. नवरा घ्यायला गेला तर किंचाळते.

एका ऑनलाइन स्लीप कन्सल्टंटने सांगितलं की दार लावून घ्या, तीन रात्री रडू द्या, चौथ्या रात्री आपोआप झोपेल. आमचं वन बीएचके आहे, दार लावून मी जाणार कुठे? आणि मला ते करायचंही नाहीये. सासूबाई म्हणतात झोळी बांधा. एकटीला रडत न ठेवता काही करता येतं का? की या वयात हे करूच नये?

घननीळ

आम्ही मुलाला साधारण याच वयात शिकवलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत धरायची. आज पाजून, उद्या खांद्यावर, परवा गाडीतून चक्कर मारून, असं केलं तर बाळाने शिकायचं काय? झोप लागताना जे जवळ असतं तेच ते मध्यरात्री जाग आल्यावर शोधतं.

दुसरं म्हणजे, सहा महिन्यांनंतर रात्रीच्या दुधाची गरज नसते. वरचं अन्न सुरू केलं असेलच. झोपताना घट्ट नाचणीसत्त्व द्या आणि रात्रीचं पाजणं एकदम बंद करा. दोन-तीन रात्री रडेल, मग सुटेल. आमचा सुटला.

रेवा_पुणे

घननीळ, तुमचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि कस्तुरीच्या प्रश्नाचं मूळही तेच आहे. दुसरं मात्र मला पटत नाही. मी बालरोग विभागात नर्स आहे आणि स्तनपान समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या वयात बाळाची झोप पाऊण ते एक तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. तसे आपणही होतो, पण कूस बदलून परत झोपतो आणि सकाळी आपल्याला ते आठवतही नाही. तोंडात स्तन असताना झोपलेलं बाळ अर्धवट जागं होतं तेव्हा तो तोंडात नसतो, मग ते पूर्ण जागं होतं. कस्तुरीची लेक दोन मिनिटं चोखून झोपते, म्हणजे त्यातली बरीचशी जाग भुकेची नाही.

बरीचशी, सगळी नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहाव्या महिन्यात रात्री एक-दोनदा खरोखर भूक लागू शकते. वरचं अन्न आत्ता दोन-चार चमचेच जात असतं, पोषण मुख्यतः दुधातूनच होतं. नाचणीसत्त्व उत्तम आहे, पण ते दिवसा. घट्ट पेज दिली म्हणून बाळ रात्रभर झोपलं असं मी फारसं पाहिलेलं नाही. पोट जड झाल्याने उठलेली बाळं मात्र पाहिली आहेत. रात्रीचं दूध एका रात्रीत तोडलं तर बाळाचं वजन अडू शकतं आणि आईच्या छातीत गाठी होतात.

कस्तुरी, पद्धत सांगण्याआधी हे कळव: जन्माचं आणि आत्ताचं वजन, बाळ पूर्ण दिवसांचं होतं का, दिवसभरात ओले लंगोट किती, उलट्या होतात का, झोपेत घोरते किंवा तोंडाने श्वास घेते का, अंगाला खाज आहे का, आणि दुपारनंतरची शेवटची झोप किती वाजता संपते. शेवटचा प्रश्न विसरू नकोस.

तन्वी_कोल्हापूर

छान धागा. माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे, तोही रात्री चार-पाचदा उठतो. त्यालाही आत्तापासूनच शिकवायला सुरुवात केली तर सोपं जाईल ना?

रेवा_पुणे

तन्वी, नको गं. अडीच महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्रीचा फरकच नुकता कुठे कळायला लागलेला असतो, आणि पोट एवढंसं असतं. चार महिने पूर्ण व्हायच्या आत हा विषयच काढू नये, आणि मी स्वतः सहा महिन्यांच्या आसपासच काढते. आत्ता तू एवढंच कर: सकाळी घरात भरपूर उजेड, रात्री अंधार आणि शांतता, आणि रात्री पाजताना गप्पा-खेळ नाहीत. बाकी मागेल तेव्हा पाज.

कस्तुरी_ठाणे

रेवाताई, उत्तरं देते. पूर्ण दिवसांची, जन्माला ३ किलो, आत्ता ७.१. लंगोट सात-आठ तरी ओले होतात. उलट्या नाहीत, घोरत नाही, अंग स्वच्छ आहे. सकाळी साडेआठला उठते. दिवसा तीन झोपा, शेवटची संध्याकाळी साडेपाचला सासूबाई मांडीवर घेऊन झोपवतात, ती सात-सव्वासातला उठते.

सुमनआजी

मुलींनो, तुम्ही एवढा हिशोब मांडता! आमच्या वेळी झोळी होती, मुलं कशी गुडूप झोपायची. डोक्याखाली राईची उशी, तिन्हीसांजेला दृष्ट काढायची, आणि फारच किरकिर असेल तर जायफळ उगाळून जिभेला लावायचं. रडवणं वगैरे ऐकून तर पोटात तुटतं. आईच्या कुशीत झोपलेलं मूल बिघडत नाही.

रेवा_पुणे

आजी, रडवून ठेवायचं नाही यावर आपलं एकमत आहे. कुशीत झोपल्याने मूल बिघडतं असं मीही म्हणणार नाही. ज्या घरात आईला आणि बाळाला पाजून झोपणं मानवतंय तिथे काहीच बदलायची गरज नाही. कस्तुरीला आता ते मानवत नाहीये, म्हणून विचारतेय.

पण तीन गोष्टींना मी नको म्हणेन. एक जायफळ. तान्ह्या बाळाला त्याची मात्रा कधी जास्त होईल सांगता येत नाही, आणि त्याने येते ती गुंगी असते. सर्दीच्या औषधाने झोपवणं तर त्याहून वाईट. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असा इशारा बाटलीवर छापायला डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी सांगितलं आहे. दुसरी राईची उशी. एक वर्षापर्यंत उशी, लोड, गुबगुबीत रजई, मऊ खेळणी काहीच गादीवर नको, गादी कडक आणि सपाट हवी. आणि तिसरी झोळी. झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शिवाय सहाव्या महिन्यात बाळ पालथं पडायला, वळायला लागतं, झोळीतून कलंडतं किंवा कापडात अडकतं. दिवसा डोळ्यांसमोर झोळीत झोपलीच तर उचलून गादीवर उताणं ठेवा. रात्रीसाठी नकोच.

सुमनआजी

झोळीचं मला पटलेलं नाही. माझी चारही मुलं झोळीत वाढली. जायफळाचं मात्र मी सुनेला सांगते.

रेवा_पुणे

कस्तुरी, आता तुझं. वजन जन्माच्या दुपटीहून जास्त आहे, लंगोट व्यवस्थित आहेत, त्रास काही नाही. त्यामुळे सुरुवात करायला हरकत दिसत नाही. तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाल.

तुझ्या उत्तरात मला एक गोष्ट ठळक दिसते. तू साडेआठला झोपवायला बसतेस आणि ती झोपते सव्वादहाला. सातला उठलेलं सहा महिन्यांचं बाळ साडेआठला झोपणारच नाही, त्याला झोप आलेलीच नसते. ते पावणेदोन तास तुम्ही दोघी रोज भांडता आणि गादी म्हणजे भांडणाची जागा असं तिच्या मनात बसतं. म्हणून आधी घड्याळ नीट करायचं, मग पाजणं आणि झोप वेगळं करायचं.

पहिले दोन-तीन दिवस तिला सव्वादहाच्या आधी गादीवर न्यायचंच नाही. म्हणजे तिची झोप जेव्हा खरोखर येते तीच वेळ धरायची. त्याच दिवसापासून सकाळी साडेआठऐवजी सातला उठवायचं, रात्र कशीही गेली असली तरी. पडदे उघड, तोंड धू, उजेडात ने. गादीवर ठेवल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत झोपायला लागली की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आण. ती दोन रात्री जमली की पुन्हा पंधरा मिनिटं. असं करत नऊपर्यंत ये. संध्याकाळची झोपही त्याबरोबर अलीकडे सरकव, सहा-सव्वासहाला ती उठलीच पाहिजे. सासूबाईंना हे नीट समजावून सांग, कारण ही एक झोप त्यांच्या हातात आहे. या वयात २४ तासांत मिळून १२ ते १६ तास झोप पुरते. रात्री नऊ ते सात आणि दिवसा तीनेक तास, एवढं झालं तर उत्तम.

हे सुरू असताना रात्रीचा क्रम बदल. आत्ता पाजणं सगळ्यात शेवटी आहे. ते वीस मिनिटं अलीकडे घे, आणि दिव्याच्या उजेडात पाज. मग ढेकर, लंगोट बदलणं, झोपेचे कपडे, एक ठरलेलं गाणं, दिवा बंद, आणि गादीवर. ती पेंगुळलेली हवी, झोपलेली नको. हे कसं ओळखायचं? ठेवल्यावर एक-दोन मिनिटांतच झोपली तर ती तुझ्या हातातच झोपली होती असं समज आणि दुसऱ्या दिवशी पाजणं आणखी थोडं आधी घे. ठेवल्यावर डोळे उघडून छताकडे, पंख्याकडे बघतेय, हात चोखतेय, तर नेमकी वेळ साधलीस.

त्यानंतर तू तिच्या शेजारी बस. खुर्ची रोज थोडी दाराकडे सरकवायची असं पाश्चात्त्य सल्ल्यांमध्ये असतं. आपल्या एका खोलीत खुर्ची सरकवायला जागा नसते, म्हणून मी हाताने मोजायला सांगते. आधी हात छातीवर ठेवून थोपटत झोप लागू दे. ते अंगवळणी पडलं की थोपटणं थांबव, हात नुसता ठेव. मग हात तिच्या शेजारी गादीवर. मग पायथ्याशी बस. मग त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बस. प्रत्येक पायरीला तीन-चार रात्री दे, घाई नको. सगळं मिळून दोन-तीन आठवडे सहज जातात.

ती रडेल. हे आधीच सांगते, कारण हळुवार पद्धत म्हणजे रडणंच नाही असं समजून बसलेल्या आया पहिल्याच रात्री सोडून देतात. फरक एवढाच की ती एकटी रडत नाही, तू तिथे आहेस. कुरकुर, थांबून थांबून रडणं, मध्येच तुझ्याकडे बघणं, हे चालू दे, थोपटत राहा. आवाज चढत गेला, अंग ताठ झालं, श्वास लागला, तर उचल, शांत कर, पुन्हा पेंगुळलेली ठेव.

मध्यरात्रीचं वेगळं. पहिले आठ-दहा दिवस तिथे फार हात घालू नकोस, आधी संध्याकाळ बसू दे. फक्त आवाज आला की लगेच उचलायचं नाही, मिनिटभर ऐक. कुंथत, चुळबुळत पुष्कळदा ती स्वतःच परत झोपेल. पूर्ण जागी झाली तर घड्याळ बघ. शेवटचं पाजून अडीच तास झाले असतील तर सरळ पाज, परीक्षा घेऊ नकोस. त्याआधी उठली तर नवऱ्याने थोपटायचं. तू शेजारी असलीस की दुधाचा वास येतो आणि ती तेच मागते, यात त्याच्यावर राग नाही.

घननीळ

मानलं, पण एक विचारतो. हे तीन आठवडे रोज थोडं थोडं रडण्यापेक्षा तीन रात्रींत मोकळं होणं बाळासाठीही बरं नाही का?

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात यावर काम झालंय, म्हणून लिहिते. मेलबर्नला मुर्डॉक चिल्ड्रन्स रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी झोपेची तक्रार असलेली सात-आठ महिन्यांची ३२६ बाळं घेतली होती. निम्म्या घरांना परिचारिकांनी दोन पद्धतींतून निवड दिली: ठरावीक अंतराने जाऊन धीर देणं, किंवा शेजारी बसून हळूहळू लांब होणं. सहा वर्षांची झाल्यावर ती मुलं पुन्हा तपासली. त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. वागणूक, भावना, आईशी असलेलं नातं, कशातही दोन गटांत फरक नव्हता. नुकसान नाही, तसा दूरगामी फायदाही नाही. फायदा त्या काळापुरता, मुख्यतः आईची मनःस्थिती आणि घराची झोप.

म्हणून घननीळ यांना सांगेन, दोन्ही चालतं. कुठलं निवडायचं ते घरावर आहे. मला माझ्या मुलाजवळ बसणं जमलं नाही. मी दिसले की तो अर्धा-अर्धा तास जास्तच चिडायचा, मी बाहेर जाऊन दर दोन-तीन मिनिटांनी आत आले तेव्हा लवकर शांत झाला. काही बाळांना जवळ बसणं म्हणजे चिडवल्यासारखं होतं.

रेवा_पुणे

अगदी. तसं दिसलं तर हट्टाने बसू नये. मात्र तो अभ्यास सात-आठ महिन्यांच्या बाळांवर होता आणि सहा महिन्यांहून लहान बाळांना त्यात घेतलेलं नव्हतं. त्याच्या जोरावर तीन-चार महिन्यांच्या बाळाला दार लावून ठेवणारे लोक मी पाहते, ते योग्य नाही.

पालवी

माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगा ३३व्या आठवड्यात झाला, परवा सहा महिन्यांचा होईल. वजन ५.९. त्यालाही ही पद्धत चालेल का? घरात सगळे म्हणतात, आता मोठा झाला.

रेवा_पुणे

पालवी, त्याचं वय झोपेसाठी आणि वाढीसाठी त्याच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. सात आठवडे आधी आला, म्हणजे आत्ता तो साधारण साडेचार महिन्यांचा आहे. थांब. त्याच्या रात्रीच्या पाजण्याला हात लावू नकोस, वजन भरून काढायला त्याला तेच लागतं. आणि अशा बाळाला शेजारी एकाच गादीवर घेऊन झोपू नये, त्याची गादी वेगळी, तुझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, किंवा झोपेच्या गोळ्या अथवा दारू घेतली असेल, तर हे सगळ्याच बाळांना लागू. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी तर कधीच नको.

शर्वरी

न करण्याच्या यादीत माझी एक भर. आम्ही ही शेजारी बसायची पद्धत मनापासून केली आणि काही फरक पडेना. झोपायची छान, अगदी स्वतःची स्वतः, पण मध्यरात्री उठून गालावर, कोपराच्या खळगीत घासत राहायची. दिवसा अंग ठीक दिसायचं. एकदा रात्री टॉर्च लावून पाहिलं तर मानेच्या घडीत आणि गुडघ्यामागे लाल, खरखरीत चट्टे. डॉक्टर म्हणाले एक्झिमा. मलम, अंघोळीनंतर लगेच जाडसर मॉइश्चरायझर, आणि अंगातला लोकरीचा स्वेटर बंद. आठवड्याभरात झोप आपोआप सुधारली. सवयीचा प्रश्न नव्हताच.

रेवा_पुणे

शर्वरी, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. संध्याकाळी स्वतः झोपणारं बाळ रात्री तरीही वारंवार उठत असेल, तर कारण शरीरातही असू शकतं. खाज, चोंदलेलं नाक, कान दुखणं (आडवं केल्यावर रडणं वाढतं आणि उभं धरल्यावर कमी होतं), दूध वर येऊन पाठ कमानीसारखी ताणणं. रोज घोरणारं किंवा झोपेत श्वास अडखळणारं बाळ थेट डॉक्टरांकडे न्यावं. खूप पाय झाडणारं, फिकट दिसणारं बाळ असेल तर लोह तपासायला विचारा. तसंही सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप सरकारी कार्यक्रमात मिळतं, अंगणवाडीत विचारा.

ताप, लसीचे एक-दोन दिवस, सर्दी, प्रवास, घर बदलणं, या काळात नवीन काही सुरू करू नये. सुरू केलेलं असेल तर सरळ थांबवून हवं तसं पाजावं, घ्यावं. बरं वाटलं की मागच्या पायरीवरून पुन्हा सुरू करता येतं. आणि पद्धत चालू असताना ओले लंगोट सहाच्या खाली गेले, दिवसाचं पिणं कमी झालं, किंवा वजन वाढीच्या कार्डावर सपाट झालं, तर त्या रात्रीपासून बंद.

कस्तुरी_ठाणे

रेवाताई, सुरुवात केली. घड्याळाने खरंच फरक पडला, सव्वादहाला ठेवली तर भांडण निम्म्यावर आलं. सातला उठवताना वाईट वाटतं, पण उठवते. पहिल्या रात्री ती माझं बोट धरून बराच वेळ रडली, मग बोट तसंच धरून झोपली. सासूबाई दोनदा आत आल्या, मग नवऱ्याने त्यांना बाहेर चहाला बसवलं. आता हात नुसता ठेवायच्या पायरीवर आहोत. मध्येच एक रात्र सगळं मागे गेलं, पुन्हा तासा-तासाला.

एक वेगळंच विचारायचंय. मला आता ती झोपल्यावरही झोप लागत नाही. दोन-दोन तास जागी असते, छातीत धडधडतं, दिवसा कारण नसताना रडू येतं. ऑफिसचं टेन्शन असेल का?

रेवा_पुणे

मध्येच एखादी रात्र मागे जाणं नेहमीचं आहे, नवीन काही करू नकोस, आहे त्याच पायरीवर राहा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कस्तुरी. बाळाने झोपू दिलं नाही म्हणून आलेला थकवा झोप मिळाली की उतरतो. संधी असूनही झोप लागत नाही, धडधड होते, रडू येतं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य किंवा चिंता असू शकते, आणि ती सहा महिन्यांनीही येते. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात भेट. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात. १४४१६ ही टेली-मानसची मोफत मदतवाहिनी २४ तास असते, मराठीतही बोलता येतं. आणि तोवर रात्रीची पाळी नवऱ्याकडे दे. निदान साडेनऊ ते दीड तू दुसऱ्या खोलीत, कान झाकून झोप. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर आठवडा नाही, त्याच क्षणी घरात सांग आणि दवाखान्यात जा.

मेलबर्नकर

+१. इथे झोपेची तक्रार घेऊन आलेल्या आईला आधी तिच्याबद्दलच विचारतात.

कस्तुरी_ठाणे

अपॉइंटमेंट घेतली. नवऱ्याला हा प्रतिसाद वाचायला दिला, त्याने लगेच पाळी घेतली. तो थोपटतो तेव्हा आता किंचाळत नाही, फक्त नाराज आवाज काढते.

आता ऑफिसचं. सोमवारपासून आठ तास बाहेर. काढून ठेवलेलं दूध सासूबाई वाटी-चमच्याने देणार आहेत. रात्रीची दोन पाजणी राहिली आहेत, एक बाराच्या सुमारास, एक चारला. ऑफिस सुरू व्हायच्या आत तीही कमी करून टाकू का?

घननीळ

हो, उलट आत्ताच करा, नंतर झोपमोड झेपणार नाही.

रेवा_पुणे

नको. आई कामावर जायला लागली की पुष्कळ बाळं दिवसा वाटीतून थोडंच पितात आणि आई परत आली की रात्री भरून काढतात. पहिले दोन-तीन आठवडे दोनाची तीन पाजणीही होतील. ते पद्धत फसल्याचं लक्षण नाही, ती हिशोब जुळवत असते. दिवसा किती पिते ते सासूबाईंना लिहून ठेवायला सांग. संध्याकाळी घरात शिरल्याबरोबर एकदा निवांत पाज आणि झोपायच्या आधी एकदा, म्हणजे रात्रीचा भार थोडा हलका होईल. वजन महिन्याने बघू आणि मग बाराचं पाजणं रोज एक-दोन मिनिटांनी कमी करत आणायचं का ते ठरवू. चारचं तर अजून काही महिने राहिलं तरी चालेल.

पालवी

आणि आठव्या-नवव्या महिन्यात बाळं आई नजरेआड झाली की रडतात म्हणे. कस्तुरीचं सगळं तेव्हा पुन्हा विस्कटेल का?

रेवा_पुणे

काहींचं विस्कटतं, काहींचं नाही. आधी सांगता येत नाही. विस्कटलं तर पायथ्यावरून पुन्हा हात छातीवर, तिथून सुरू.

सुमनआजी

कस्तुरी, सासूबाईंना वाटी-चमच्याने दूध द्यायला वेळ लागेल, त्यांना घाई करू नकोस म्हणावं. बाळाला मांडीवर उभं धरून, वाटी ओठाला टेकवली की ते स्वतःच चाटून घेतं. ओतायचं नाही. माझ्या नातवाला मी असंच दिलं.